१९६० जमते, २०२५ अडते

अंकांची बेरीज करणारे फंक्शन हा रिकर्शनच्या धड्यातला ठरलेला स्वाध्याय आहे. ५२७ ही संख्या दिली की ५, २ आणि ७ मिळून १४ हे उत्तर यायला हवे. त्यासाठीची युक्ती सोपी आहे. शेवटचा अंक बाजूला काढायचा, उरलेल्या संख्येच्या अंकांची बेरीज त्याच फंक्शनकडून करून घ्यायची आणि दोन्ही मिळवायचे. फंक्शनने असे स्वतःलाच पुन्हा बोलावणे म्हणजे रिकर्शन. ही बोलवाबोलवी जिथे संपते, जिथे उत्तर पुढे कोणाला न विचारता थेट देता येते, ती जागा म्हणजे बेस केस. नवशिक्याने पायथनमध्ये लिहिलेले हे फंक्शन पाहा.

```python
def berij(n):
    if n == 1:
        return 1
    return n % 10 + berij(n // 10)
```

`n % 10` म्हणजे दहाने भागल्यावर उरणारी बाकी, अर्थात शेवटचा अंक. `n // 10` म्हणजे भागाकाराचा पूर्णांक भाग, म्हणजेच शेवटचा अंक गळून राहिलेली संख्या. लिहिणाऱ्याला आता खात्री करून घ्यायची आहे. हाताशी असलेले, तोंडपाठ असलेले आकडे म्हणजे इतिहासातले सन. १६७४ टाकले, उत्तर आले १८. १८५७ चे २१, १९४७ चेही २१, १९६० चे १६. चारही उत्तरे बरोबर. मग २०२५ टाकले आणि पडदाभर ओळी धावल्या. शेवटी `RecursionError: maximum recursion depth exceeded` हा संदेश उमटला.

नऊची अपेक्षा होती, आणि फंक्शन कोसळले. कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. राज्याभिषेकापासून महाराष्ट्र स्थापनेपर्यंतचे सगळे सन १ या अंकाने सुरू होतात. उजवीकडून एकेक अंक गळत गेला की १९६० चे १९६, मग १९ आणि मग १ होते. तिथे `n == 1` ही अट बरोबर सापडते. २०२५ चा प्रवास मात्र २०२, २० आणि २ असा होतो. २ म्हणजे १ नव्हे, म्हणून फंक्शन पुढे जाते. २ ला दहाने भागून पूर्णांक घेतला की ० येते, आणि ० ला दहाने भागले की पुन्हा ०. इथून पुढे प्रत्येक कॉल शून्याचाच. कॉल सुरू राहतात, संख्या हलत नाही.

अशा वेळी पायथन हस्तक्षेप करते. प्रत्येक कॉल आपले काम अर्धवट ठेवून पुढच्याच्या उत्तराची वाट पाहत असतो आणि त्याची नोंद स्टॅक नावाच्या मेमरीच्या भागात धरून ठेवावी लागते. या नोंदी अमर्याद वाढू नयेत म्हणून पायथनने मुळात १००० ची मर्यादा घातलेली आहे. ती ओलांडली की वरचा संदेश येतो. सी भाषेत अशी राखण नसते. तिथे स्टॅकची जागा संपली की बहुधा प्रोग्रॅम मध्येच बंद पडतो, आणि `Segmentation fault` एवढ्या दोन शब्दांवर समाधान मानावे लागते.

या उदाहरणात बेस केस नव्हती असे कोणी म्हणू शकत नाही. ती पहिल्याच दोन ओळींत आहे. पाठ्यपुस्तके “बेस केस लिहायला विसरू नका” असे सांगून थांबतात, पण विसरण्यापेक्षा घातक चूक ही, की बेस केस लिहिलेली असते आणि काही संख्यांची वाट तिच्यावरून जातच नाही. म्हणून फंक्शन तपासताना प्रश्न असा विचारावा लागतो: ज्या ज्या संख्या या फंक्शनला दिल्या जाऊ शकतात, त्यांपैकी प्रत्येकीची वाट बेस केसवर येते का? चार सन टाकून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. चाळीस टाकूनही मिळत नाही, जर ते सगळे एकाच शतकातले असतील.

दुरुस्ती दोन प्रकारे सुचते. एक, अट `n == 0` करायची आणि तिथे ० परत द्यायचे. दुसरी, अट `n < 10` करायची आणि `n` जसाच्या तसा परत द्यायचा, कारण एकच अंक असेल तर बेरीज तोच अंक. धन संख्यांसाठी दोन्ही बरोबर आहेत. तरी त्यांच्यात फरक आहे. पहिली अट रस्त्यात रोवलेल्या एका खांबासारखी आहे. त्याच ठिकाणी आदळले तरच थांबणार, बाजूने निसटले तर निसटले. दुसरी अट भिंतीसारखी आडवी पसरलेली आहे. दहाच्या खालची कुठलीही संख्या आली की तिथे थांबणारच. अंकांच्या बेरजेत खांब चुकत नाही, पण दुसऱ्या स्वाध्यायात सहज चुकतो. संख्या सम आहे की विषम हे प्रत्येक वेळी २ वजा करून ठरवणारे फंक्शन घेतले आणि अट फक्त `n == 0` ठेवली, तर ७ चे ५, ३, १ आणि मग उणे १ होते. शून्य ओलांडून गाडी खाली निघून जाते.

बेस केसची जागा बरोबर असली तरी तिथले उत्तर चुकू शकते. `n == 0` असताना ० ऐवजी १ परत दिले, तर फंक्शन अगदी व्यवस्थित थांबते आणि प्रत्येक उत्तर एकाने जास्त देते: ५२७ चे १५, २०२५ चे १०. अशी चूक पकडायला शाळेतला नवाचा ताळा कामी येतो. कुठल्याही संख्येला नवाने भागून येणारी बाकी आणि तिच्या अंकांच्या बेरजेला नवाने भागून येणारी बाकी सारखीच असते. ५२७ ला नवाने भागले तर ५ उरतात, १४ ला भागले तरी ५, पण १५ ला भागले तर ६. म्हणजे १५ हे उत्तर चूक.

अंकांच्या गुणाकाराचे फंक्शन लिहिताना ही गोष्ट आणखी ठळक दिसते. बेरजेच्या फंक्शनची नक्कल करून अधिकाच्या जागी गुणिले टाकले आणि `n == 0` ला ० परत देणे तसेच ठेवले, तर प्रत्येक संख्येचे उत्तर ० येते, कारण साखळीच्या शेवटचे शून्य सगळ्यांना गुणत वर येते. तिथे १ ठेवले तर ५२७ चे ७० बरोबर येतात, पण खुद्द ० ही संख्या दिली तर उत्तर १ येते. `n < 10` ची अट घातली की दोन्ही अडचणी संपतात. ० चे ०, ७ चे ७, ५२७ चे ७०. बेस केसमधली किंमत वरच्या व्यवहाराला साजेशी हवी, आणि ती थेट दिली असता स्वतःही खरी हवी.

आतापर्यंत उणे संख्यांचा विषय निघाला नाही. फंक्शनला उणे ५२७ दिले तर काय व्हावे? `n == 0` वाले रूप घेऊन पायथनमध्ये हे एकेक पाऊल टाकत पाहिले पाहिजे, कारण इथे गंमत भाषेत दडलेली आहे. पायथनचे `//` भागाकार नेहमी खालच्या पूर्णांकाकडे नेते. उणे ५२७ भागिले १० म्हणजे उणे ५२.७, आणि त्याच्या खालचा पूर्णांक उणे ५३. त्यापुढे उणे ६, त्यापुढे उणे १. आता उणे १ भागिले १० म्हणजे उणे ०.१, आणि त्याच्या खालचा पूर्णांक पुन्हा उणे १. संख्या इथे रुतते. शून्य एका पावलावर असूनही तिथे कधीच पोचत नाही, आणि हजाराची मर्यादा लागून फंक्शन कोसळते.

हेच फंक्शन सी किंवा जावामध्ये ओळीला ओळ उतरवले तर ते थांबते. त्या भाषा भागाकार शून्याच्या दिशेने कापतात, त्यामुळे उणे ५२७ चे उणे ५२, मग उणे ५, मग ०. बाकीही उणेच येते, आणि उत्तर मिळते उणे १४. एकाच तर्काचे फंक्शन एका भाषेत थांबते आणि दुसरीत थांबत नाही. म्हणून “हे फंक्शन थांबते का” हे ठरवताना त्यातल्या भागाकाराच्या चिन्हाचा त्या भाषेतला नेमका अर्थ माहीत असावा लागतो.

`n < 10` ची भिंत उणे ५२७ ला पायथनमध्येही तत्काळ थांबवते, कारण कुठलीही उणे संख्या दहापेक्षा लहानच असते. पण उत्तर म्हणून उणे ५२७ च परत मिळते. एरर नाही, इशारा नाही, फक्त चुकीचा आकडा. थांबणे आणि बरोबर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या स्वतंत्रपणे तपासाव्या लागतात, हे या एका ओळीत स्पष्ट दिसते. उपाय फंक्शनच्या दारातच करावा लागतो. उणे संख्येच्या अंकांची बेरीज म्हणजे काय हे आधी ठरवायचे. चिन्ह सोडून द्यायचे असेल तर `abs(n)` घेऊन आत शिरायचे. अर्थच नाही असे ठरले तर `ValueError` देऊन परत पाठवायचे.

आता मुख्य मुद्दा. धन संख्यांसाठी फंक्शन नक्की थांबते असे आपण म्हणतो, ते कशाच्या बळावर? सगळ्या संख्या टाकून पाहणे शक्य नाही, कारण त्या अनंत आहेत. इथे एक जुनी आणि भक्कम रीत उपयोगी पडते. फंक्शनमध्ये अशी एखादी राशी शोधायची, जी पूर्णांक आहे, जी शून्याच्या खाली जाऊ शकत नाही आणि जी प्रत्येक नव्या कॉलमध्ये आधीपेक्षा नक्की कमी होते. अशी राशी सापडली की काम झाले. शून्याच्या वरचा पूर्णांक अनंत वेळा घटू शकत नाही. ५२७ पासून उतरायला लागले तर फार तर ५२७ उतार.

अंकांच्या बेरजेत ही राशी म्हणजे `n` स्वतः. `n` दहा किंवा त्याहून मोठा असताना `n // 10` त्याच्यापेक्षा लहानच असतो आणि निदान १ असतो. हवे तर अंकांची संख्या ही राशी घ्यावी. ती दर कॉलला बरोबर एकाने कमी होते, म्हणून कॉल किती होणार हेही आधीच कळते: वीस अंकी संख्येला वीस. आता मघाच्या बिघडलेल्या दोन प्रकरणांकडे पाहिले की दोष कुठे होता ते नेमके दाखवता येते. २०२५ च्या वेळी राशी शून्यावर घटायची थांबली, उणे ५२७ च्या वेळी उणे एकवर. `berij(n // 10)` च्या ऐवजी घाईत `berij(n)` लिहिले, तर ती पहिल्याच पावलाला घटत नाही.

ही रीत अॅलन ट्युरिंग यांनी जून १९४९ मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या संगणक परिषदेत मांडली होती. त्यांचा निबंध जेमतेम तीन पानांचा होता आणि विषय होता मोठा प्रोग्रॅम तपासायचा कसा. उदाहरण त्यांनी फॅक्टोरियलचे घेतले, तेही गुणाकार न वापरता फक्त बेरजा करून काढणारे. त्यांचे म्हणणे असे होते, की प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने तपासणाऱ्याच्या हाती जागोजागीची विधाने द्यावीत, म्हणजे ती एकेक करून पडताळता येतील. प्रोग्रॅम संपतो हे दाखवण्यासाठी सतत घटत जाणारी एक राशीही नोंदवून द्यावी. त्या वेळी जगात चालू स्थितीत असलेले संगणक बोटांवर मोजण्याइतके होते. आजही रिकर्शन तपासताना याहून चांगला मार्ग क्वचितच सापडतो.

उत्तर बरोबर आहे हे दाखवायचीही अशीच रीत आहे, आणि ती रिकर्शनची भीती बरीच घालवते. नवशिका माणूस `berij(527)` च्या आत शिरतो, मग `berij(52)` च्या आत, आणि तीन मजले खाली गेल्यावर आपण कुठे होतो हे विसरतो. इतके खोल जायची गरज नाही. बेस केस बरोबर आहे का ते पाहायचे. मग लहान संख्येसाठी फंक्शन बरोबर उत्तर देते असे धरून चालायचे आणि फक्त एक पायरी तपासायची: `berij(52)` ने ७ दिले असतील, तर त्यात शेवटचा ७ मिळवून १४ होतात का? होतात. गणितातले विगमन म्हणतात ते हेच. पण “धरून चालायचे” हा हक्क घटत्या राशीमुळे मिळतो. पुढचा कॉल खरोखर लहान संख्येचा नसेल, तर गृहीत धरलेले स्वतःवरच टेकलेले राहते.

राशी पूर्णांक असावी हा आग्रह कशासाठी? त्याचे उत्तर एका तिरक्या रेघेत मिळते. पायथनमध्ये `//` लिहिताना एक रेघ सुटली आणि `/` राहिले, तर भागाकार अपूर्णांकात होतो. ५२७ चे ५२.७, मग ५.२७, मग ०.५२७. संख्या प्रत्येक पावलाला घटते आहे, पण गणिताच्या हिशेबाने ती शून्यावर कधीच येणार नाही. नुसते घटणे पुरेसे नाही ते इथे दिसते.

संगणकावर प्रत्यक्ष काय होते ते तर अधिक फसवे आहे. अपूर्णांक मर्यादित जागेत साठवलेले असतात. `n == 0` ची अट असेल, तर सुमारे सव्वातीनशे पावलांनंतर संख्या इतकी सूक्ष्म होते की ती साठवता येत नाही आणि संगणक ती सरळ शून्य मानतो. फंक्शन थांबते! हजाराची मर्यादाही लागत नाही, आणि उत्तर येते १५.५६ च्या आसपास. `n < 10` ची अट असेल तर तिसऱ्याच कॉलला थांबून उत्तर १४.९७ च्या जवळपास येते. ज्याने उत्तर गोल करून १५ वाचले त्याला शंकाही येणार नाही. अंकांच्या बेरजेत दशांश चिन्ह दिसले, की तिथेच हात थांबवून भागाकाराचे चिन्ह पाहावे.

घटती राशी प्रत्येक वेळी इतक्या सहज हाती लागत नाही. त्याचे उत्तम उदाहरण नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवणारे गणिती द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी जगाला दिले आहे. चार अंकी संख्या घ्यायची, तिचे अंक उतरत्या क्रमाने लावून एक संख्या करायची, चढत्या क्रमाने लावून दुसरी, आणि मोठीतून लहान वजा करायची. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. ३५२४ घेतले तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आणि ६१७४ वर हीच क्रिया केली की पुन्हा ६१७४ च. हाच कापरेकर स्थिरांक. तिथपर्यंत किती पायऱ्या लागतात हे मोजणारे फंक्शन रिकर्शनने लिहिणे अगदी स्वाभाविक आहे.

```python
def payrya(n):
    if n == 6174:
        return 0
    s = "".join(sorted(str(n)))
    return 1 + payrya(int(s[::-1]) - int(s))
```

३५२४ दिले की ३ हे उत्तर बरोबर येते. पण ३५२४ वरून ३०८७, तिथून वर ८३५२ आणि पुन्हा खाली ६१७४. संख्या कमीजास्त होते आहे, तेव्हा `n` ही घटती राशी नव्हे. मग खात्री कशाची?

आधी हे फंक्शन कुठे अडते ते पाहू. ११११ दिले तर पहिल्याच वजाबाकीत ० येते आणि पुढे ० च. सगळे अंक सारखे असलेल्या संख्या कापरेकरांच्या नियमातच वगळलेल्या आहेत, म्हणून त्या दारात अडवायच्या. २१११ मध्ये मात्र सगळे अंक सारखे नाहीत, तरीही फंक्शन कोसळते. २१११ वजा १११२ म्हणजे ९९९. आता `str(n)` ला ही संख्या तीन अंकी दिसते. ९९९ वजा ९९९ म्हणजे ०, आणि पुढे सगळे शून्यच. कागदावर कापरेकरांची रीत करणारा माणूस इथे ०९९९ असे लिहितो, आणि मग ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१, ८०८२, ८५३२ असे करत पाचव्या पायरीला ६१७४ वर पोचतो. संगणकाला पुढचे शून्य सांगावे लागते. `str(n)` च्या जागी `str(n).zfill(4)` लिहिले की चार अंक कायम राहतात.

एवढे केल्यावर हमी कशी द्यायची? इथे संख्या अनंत नाहीत, दहा हजारांच्या आतच आहेत. सारख्या अंकांच्या संख्या वगळून सगळ्या टाकून पाहता येतात.

```python
max(payrya(n) for n in range(1, 10000) if n % 1111 != 0)
```

उत्तर येते ७. एकूण ९,९९० संख्या, आणि एकीलाही सातपेक्षा जास्त पायऱ्या लागत नाहीत. घटती राशीही आता सांगता येते: ६१७४ पर्यंत उरलेल्या पायऱ्या. प्रत्येक कॉलला ती एकाने कमी होते. ती सूत्राने सापडली नाही, सगळ्या संख्या तपासून सापडली, तरी पुरावा म्हणून तिचे वजन कमी होत नाही. मघाच्या इतिहासातल्या सनांची तपासणी आणि ही तपासणी यांत फरक हाच, की इथे एकही शक्यता बाहेर उरलेली नाही.

जिथे शक्यता अनंत असतात आणि घटती राशीही सापडत नाही, तिथे जगातले उत्तम गणितीही अडून बसलेले आहेत. संख्या सम असेल तर निम्मी करा, विषम असेल तर तिप्पट करून एक मिळवा आणि १ आले की थांबा. लोथार कोलात्झ या जर्मन गणितज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा हा खेळ तीन ओळींच्या फंक्शनमध्ये मावतो. २७ पासून सुरुवात केली तर संख्या ९,२३२ पर्यंत चढते आणि १११ पायऱ्यांनी १ वर येते. प्रत्येक धन संख्येसाठी हे फंक्शन थांबतेच, हे अजून कोणाला सिद्ध करता आलेले नाही. शिवाय कुठलाही प्रोग्रॅम हातात दिला की तो थांबेल की नाही हे अचूक सांगणारा एकच सर्वसाधारण प्रोग्रॅम असू शकत नाही, हे ट्युरिंग यांनीच १९३६ मध्ये दाखवून ठेवले आहे. म्हणून डॅफ्नी किंवा लीन यांसारख्या काटेकोर भाषा वेगळा पवित्रा घेतात. काय घटते आहे ते त्यांना स्वतः ओळखता आले तर ठीक, नाहीतर त्या लिहिणाऱ्याकडेच राशी मागतात आणि ती खरोखर घटते हे पटेपर्यंत फंक्शन स्वीकारत नाहीत. अंकांच्या बेरजेचे `n < 10` वाले रूप त्यांना सहज पटवता येते. कोलात्झचे पटवायला अजून कोणाजवळ राशी नाही.

एक अडचण उरते, आणि तिची उकल रोजच्या कामात वारंवार करावी लागते. पायथनमध्ये पूर्णांक कितीही मोठे असू शकतात. पूर्ण बरोबर असलेल्या `berij` ला `10**1200` दिले, म्हणजे एकावर बाराशे शून्ये, तरीही तोच `RecursionError` येतो. इथे तर्कात काही खोट नाही. फंक्शन १,२०१ कॉलनंतर थांबलेच असते, पण हजाराची मर्यादा आधी आली. संदेश एकच, दुखणी दोन.

ती वेगळी ओळखायला फंक्शनच्या पहिल्या ओळीवर `print(n)` लिहिणे पुरते. पडद्यावरच्या शेवटच्या ओळींत तीच संख्या पुन्हा पुन्हा दिसत असेल, किंवा ठरावीक संख्या फिरून फिरून येत असतील, तर दोष तर्कात आहे आणि मर्यादा वाढवून काही उपयोग नाही. संख्या शेवटपर्यंत आखूड होत चाललेली दिसली, तर तर्क ठीक आहे, फक्त खोली कमी पडली. तेव्हा `sys.setrecursionlimit(3000)` लिहून खोली वाढवता येते, पण मर्यादा बेहिशेबी वाढवली तर स्टॅकची खरी जागा संपून पायथनच बंद पडू शकते. त्यापेक्षा हेच काम साध्या लूपने करावे.

```python
def berij(n):
    ekun = 0
    while n > 0:
        ekun += n % 10
        n //= 10
    return ekun
```

याला स्टॅकची वाढती जागा लागत नाही, त्यामुळे हजारो अंकांची संख्याही चालते. थांबण्याची हमी मघाचीच आहे, कारण दर फेरीला `n` घटतो. आणि `n > 0` ही अट असल्यामुळे उणे ५२७ दिले तर लूप एकही फेरी न मारता ० परत देते, म्हणून उणे संख्येची दारावरची तपासणी इथेही ठेवावी लागते.